बोर्डासमोर आरपीओ आणि आरटीओ तोंडी कसं समजवायचं? स्लाईड नाहीत, फक्त दहा मिनिटं

रात्रपाळी
मंडळी मदत हवीय. पुढच्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या संचालक मंडळासमोर बॅकअपवर बोलायचंय, दहा मिनिटं दिलीत. मंडळावर एक डॉक्टर, एक वकील, एक कारखाना चालवणारे आणि बाकी निवृत्त शिक्षक आहेत, म्हणजे माणसं हुशार आहेत पण आयटीशी कुणाचाच संबंध नाही. स्लाईड नकोत, समोर बसून बोला असं अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलंय. मला त्यांच्याकडून दोन आकडे ठरवून हवेत, आरपीओ किती, म्हणजे किती तासांचा डेटा गेलेला चालेल, आणि आरटीओ किती, म्हणजे किती वेळ बंद राहिलेलं चालेल, कारण पुढचा सगळा खर्च त्यावरच अवलंबून आहे.

सध्या काय आहे ते सांगतो. रोज रात्री १ ला बॅकअप सुरू होतो, ४ च्या आसपास संपतो. डेटाबेस आणि जुनी स्कॅन केलेली कागदपत्रं मिळून ४ टीबी. त्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरवर रेप्लिकेशन चालू असतं, म्हणजे इथला प्रत्येक बदल लगेच तिकडेही होतो. सुरुवात "बॅकअप म्हणजे डेटाचा विमा" अशी करायचं डोक्यात आहे, कसं वाटतं?

खडूफळा
विमा एकदम बेस्ट. सगळ्यांना कळतो, सगळ्यांनी काढलेला असतो, अजून काय पाहिजे. पुढे फक्त सांगायचं की आरपीओ म्हणजे किती नुकसान आणि आरटीओ म्हणजे किती वेळ, विषय संपला. आणि वेळेचं टेन्शन घेऊ नका, एक गिगाबिटची लाईन असेल तर ४ टीबी म्हणजे ४००० गिगा, म्हणजे ४००० सेकंद, तासाभरात सगळं परत जाग्यावर. बोर्डाला बिनधास्त "दीड तास" सांगा, थोडा हातचा ठेवून.

उंबरठा
मी अशाच एका मंडळावर बसते, म्हणजे तुमच्या टेबलाच्या पलीकडे. म्हणून सांगते, विमा हा शब्द काढून टाका. आम्हाला एकदा हेच उदाहरण दिलं होतं आणि मी त्याचा अर्थ असा घेतला की हप्ता भरलाय, काही झालंच तर भरपाई मिळेल, आपण निर्धास्त. भरपाई म्हणजे काय, गेलेल्या नोंदी परत मिळणार की नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही, कारण उदाहरण ऐकून मला सगळं समजलंय असंच वाटलं होतं. हात वर करून मोकळी झाले.

तुम्ही नुसतं "बॅकअप आहे" म्हणालात तरी आमच्या कानाला ते "काहीच जाणार नाही" असं ऐकू येतं. तेव्हा काय जाणार तेच आधी सांगा.

गाळणी
उंबरठा ताईंशी १०० टक्के सहमत. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, त्यातली बरीच वर्षं अशा मीटिंगमध्ये बोलण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आरपीओ आणि आरटीओ हे शब्द तोंडाने उच्चारूच नका. कागदावर ते वेगळे दिसतात, कानाला एका अक्षराचा फरक आहे आणि ऐकणाऱ्याला मागे जाऊन परत वाचता येत नाही. तिसऱ्या मिनिटाला अर्ध्या लोकांची अदलाबदल झालेली असते आणि ते कुणी कबूल करत नाही. त्याऐवजी दोन सरळ प्रश्न ठेवा. बंद पडलं तर किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? आणि किती वेळ बंद राहिलेलं चालेल? पहिला प्रश्न मागे बघणारा, दुसरा पुढे बघणारा. ठराव लिहिताना कंसात काय संक्षेप टाकायचे ते टाका.

दुसरी, तास सांगू नका, वार आणि घड्याळ सांगा. "अठरा तास" ऐकून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. तुमच्याच आकड्यांवर करून बघू. समजा गुरुवारी संध्याकाळी ५ ला रॅन्समवेअरने सगळ्या फायली लॉक केल्या. शेवटची धड प्रत गुरुवारी पहाटेची, म्हणजे बुधवारचं काम सुरक्षित आणि गुरुवारी सकाळी ९ पासून ५ पर्यंतच्या सगळ्या नोंदी गेल्या. हे झालं मागचं. आता पुढचं. काय झालंय, किती पसरलंय हे बघण्यात ७ वाजणार. सर्व्हर कोरा करून परत उभा करण्यात १०. मग ४ टीबी ओतायचे. खडूफळा, तुमचा तास इथे चुकतोय, लाईनचा गिगाबिट आणि फाईलचा गिगाबाईट यात आठपट फरक आहे. ४००० ला आठने गुणा, ३२००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ९ तास, तेही लाईन पूर्ण वेगाने मिळाली तर. प्रत्यक्षात सेकंदाला १०० एमबी मिळाले तर खूश व्हायचं, म्हणजे साधारण ११ तास. १० वाजता सुरू केलं तर सकाळचे ९. मग डेटाबेस धड आहे का, हिशेब जुळतात का हे तपासण्यात ११. तर बोर्डाला वाक्य असं जाईल: "गुरुवारी पाचला बंद पडलं, तर शुक्रवारी सकाळी अकराच्या आत सुरू होणार नाही, आणि सुरू होईल तेव्हा गुरुवार कोरा असेल." एवढंच वाक्य. बघा वकीलसाहेब लगेच पुढे सरकून बसतात की नाही.

यातले पहिले दोन तास मी फारच कमी धरलेत. हल्ला असेल तर ते कुठून शिरले हे कळेपर्यंत चालू करता येत नाही आणि त्यात दिवस जाऊ शकतात. ते पण त्यांना सांगा, अकरा ही लवकरात लवकरची वेळ आहे.

खडूफळा
आठपटीचं मान्य, ते निसटलं. पण मग विम्याऐवजी द्यायचं काय? उदाहरणाशिवाय नुसतं घड्याळ सांगितलं तर कोरडं होतं हो. आणि रेप्लिकेशन आहे ना त्यांच्याकडे, दुसरा सर्व्हर चालू करायचा, शून्य मिनिटात काम सुरू. मग हे अकरा वाजेपर्यंतचं रामायण कशाला?

कोरा_कागद
माझंपण असंच झालंय. ऑफिसच्या क्लाऊडवर सिंक होणारं फोल्डर आहे, लॅपटॉपवर जागा होत नव्हती म्हणून मी आतलं बरंच उडवलं, मला वाटलं वरती राहीलच ना, तर सगळ्या टीमच्या मशीनवरून गेलं!! आता साहेबांना काय सांगू कळत नाहीये. परत मिळेल का? कोणी सांगेल का प्लीज

गाळणी
@कोरा_कागद, आधी त्या क्लाऊडच्या वेबसाईटवर जाऊन डिलीट झालेल्या फायलींची जागा बघा, बहुतेक ठिकाणी काही दिवस तिथे पडून असतात. मुदत संपायच्या आत बघा, आजच. आणि टीममध्ये कुणाला आता त्या फोल्डरला हात लावू देऊ नका.

@खडूफळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यांनीच दिलंय बघा. रेप्लिकेशन म्हणजे आरसा आणि बॅकअप म्हणजे कालचा फोटो. तोंडाला काळं लागलं तर आरशातही त्याच क्षणी लागतं. काल चेहरा कसा होता ते फोटोच सांगतो. सर्व्हर जळाला, डिस्क गेली तर आरसा कामाचा, मिनिटांत दुसरीकडून काम सुरू, त्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण कुणी चुकून टेबल उडवलं किंवा फायली लॉक झाल्या तर ते तसंच्या तसं दुसऱ्या सर्व्हरवर जातं, काही सेकंदांत. बोर्डावर हमखास कुणीतरी विचारतं की दोन सर्व्हर घेतलेत ना, मग आता परत काय. त्यासाठी हे एक उदाहरण राखून ठेवा.

पण उदाहरण दिलं की ते कुठे मोडतं हेही त्याच दमात बोला. फोटो काढून लगेच बघता येतो, बॅकअप तसा लगेच उघडत नाही, वर सांगितले तेवढे तास लागतात. हे नाही बोललात तर "फोटो आहे ना, दाखवा" असा समज होणार. म्हणजे हे उदाहरण मागे बघणाऱ्या प्रश्नाला चालतं, पुढच्या प्रश्नाला ते वापरायचंच नाही, तिथे घड्याळच. आणि उदाहरण एकच. प्रत्येक मुद्द्याला नवीन दिलं की लोक मुद्द्यांऐवजी उदाहरणंच लक्षात ठेवायला लागतात आणि मग एकाचे नियम दुसऱ्याला लावतात.

उंबरठा
आरसा आणि फोटो हे मला पटकन कळलं. एक बाळबोध प्रश्न विचारते. ते अकरा तास सगळंच्या सगळं परत आणण्याचे आहेत ना? जुनी स्कॅन केलेली कागदपत्रं शुक्रवारी सकाळी नऊला कुणाला लागतात? ती मागाहून आली तर चालणार नाही का?

रात्रपाळी
ताई, हा प्रश्न मी स्वतःला इतके दिवस विचारला नव्हता. आत्ता बघितलं, डेटाबेस फक्त ३०० जीबी आहे, बाकी सगळे स्कॅन.

गाळणी
मग हिशेबच बदलला! सेकंदाला १०० एमबीने ३०० जीबी म्हणजे ३००० सेकंद, ५० मिनिटं. रात्री १० ला सुरू केलं तर ११ पर्यंत डेटाबेस जागेवर, १ पर्यंत तपासणी, शुक्रवारी सकाळी ९ ला काम सुरू, जुने स्कॅन दिवसभरात मागून येत राहतील. नवीन काही विकत न घेता. फक्त बॅकअपमध्ये दोन्ही वेगवेगळे ठेवलेले हवेत म्हणजे आधी कुठलं ओतायचं ते निवडता येईल, आणि स्कॅन नसताना सॉफ्टवेअर उघडतंय का हे एकदा करून बघायला हवं. काही सॉफ्टवेअर फाईल सापडली नाही की तिथेच अडकून बसतात.

मी साध्या भाषेचा इतका आग्रह धरतो तो याचसाठी. आरटीओ १८ तास असं ऐकलं असतं तर ताईंनी हा प्रश्न विचारलाच नसता, कारण त्या शब्दात "काय काय परत आणताय" हे दिसतच नाही. काय आधी लागतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

निळीशाई
मी ऑडिटमध्ये आहे, एक दुरुस्ती. वर "गुरुवार कोरा" म्हटलंय, पण ती सर्वात वाईट अवस्था नाहीये. रात्री १ ते ४ बॅकअप चालू असताना, समजा शुक्रवारी पहाटे साडेतीनला बंद पडलं तर ती प्रत अर्धवट, कामाची नाही. शेवटची धड प्रत गुरुवारी पहाटे १ ची, म्हणजे साडेसव्वीस तास मागे. रोज बॅकअप म्हणजे जास्तीत जास्त चोवीस तास जातील असं बहुतेक लोक धरून चालतात, खरं तर त्यात बॅकअप चालायला लागणारा वेळही मिळवायला हवा, यांच्याकडे २४ अधिक ३. बोर्डाला "एक दिवस" सांगून ठराव केला आणि उद्या त्याहून जास्त गेलं तर मी रिपोर्टमध्ये लिहिणार.

गाळणी
बरोबर पकडलंत. पण तोंडी सांगताना मी हे असं सांगेन, "एक पूर्ण दिवसाचं काम जाऊ शकतं, आणि अगदी वाईट वेळ साधली तर त्याच्यावर काही तास", आणि नेमका आकडा ठरावात. सव्वीस आणि सत्तावीस तोंडाने म्हणत बसलात तर मूळ प्रश्न हातातून निसटतो.

निळीशाई
इथे माझं जमत नाही. तोंडी एक आणि कागदावर दुसरं असं झालं की सही करणारा नंतर म्हणतो मला असं सांगितलंच नव्हतं. आकडा बोलायलाच हवा.

खडूफळा
मला विचाराल तर थोडी भीती घातल्याशिवाय बोर्ड हलत नाही. एखादा हल्ल्याचा जबरदस्त किस्सा टाका सुरुवातीलाच.

गाळणी
भीती घालून पैसे मंजूर होतात, पण ते कशासाठी मंजूर केले ते लक्षात राहत नाही, पुढच्या वर्षी तेच काम परत. किस्सा सांगायचाच तर ज्यातून एकच नेमकी गोष्ट कळते असा सांगा. माझा ठरलेला किस्सा गिटलॅबचा, प्रोग्रॅमर लोक आपला कोड जिथे ठेवतात ती ऑनलाईन सेवा. ३१ जानेवारी २०१७, तिथल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, तोच चालू डेटाबेस होता. पुसणं थांबवलं तोवर ३०० जीबीच्या आसपास गेलं होतं. बॅकअपच्या एकापेक्षा जास्त सोयी होत्या, पण रोजच्या बॅकअपची जागा उघडली तर रिकामी, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनचा होता आणि बरेच दिवस फेल होत होता. फेल झाल्याच्या ईमेल निघत होत्या पण त्या कुणाला पोचतच नव्हत्या. शेवटी वाचले कसे, तर एकाने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने एक प्रत काढली होती ती सापडली. सहा तासांचा डेटा गेला, सेवा १८ तासांच्या आसपास बंद. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय.

बोर्डाला यातलं व्हर्जन वगैरे काही सांगायचं नाही. सांगायचं एवढंच की बॅकअप चालू होता असं सगळे धरून चालले होते आणि परत आणून कुणी बघितलं नव्हतं. आणि लगेच पुढचं वाक्य, "आपण शेवटचं परत आणून कधी बघितलं ते मी आज तारखेसकट सांगतो." रात्रपाळी, ती तारीख आहे ना तुमच्याकडे?

रात्रपाळी
या वर्षी डेटाबेस एकदा आणून बघितलाय, स्कॅन कधीच नाही. दोन्ही तसंच्या तसं सांगतो. मीटिंगच्या आधी डेटाबेसचं परत एकदा घड्याळ लावून करतो, म्हणजे ५० मिनिटं हा माझा अंदाज राहणार नाही.

उंबरठा
आणि एक करा. शेवटी "समजलं का, काही शंका?" असं विचारू नका. सगळे मान हलवतात, मीही हलवते. त्याऐवजी एखाद्याला विचारा, डॉक्टरांना समजा, की "शुक्रवारी सकाळी नऊला दारात माणसं उभी आहेत, त्यांना तुम्ही काय सांगाल?" त्यांनी नीट सांगितलं तर बाकीच्यांनाही परत एकदा ऐकायला मिळतं, अडखळले तर तुम्हाला कळेल कुठे राहिलं. फक्त परीक्षा घेतल्यासारखं नको, "मी बरोबर सांगितलं का ते मला बघायचंय" असं म्हणून विचारा.

रात्रपाळी
मंडळी, काल मीटिंग झाली. दहाची पंचवीस मिनिटं झाली पण अध्यक्षांनीच चालू ठेवली. संक्षेप एकही वापरला नाही. गुरुवार-शुक्रवार घड्याळासकट सांगितलं, आरसा आणि फोटो एकदाच, आणि फोटो लगेच उघडत नाही हेही लगेच जोडलं. निळीशाईंचं ऐकून २७ चा आकडा बोललो, पण एकदाच आणि कागदावर लिहून पुढे सरकवला. घड्याळ लावून केलेल्या चाचणीत डेटाबेसला ५० ऐवजी ७० मिनिटं लागली, तीच सांगितली.

डॉक्टरांना ताईंचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "काम सुरू आहे असं सांगेन, पण काल दिवसभरात जे दिलंत ते कृपया परत द्या." मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, पण ज्यांनी ऑनलाईन फॉर्म भरलाय त्यांच्याकडे तर कागदच नाही, ते परत काय देणार? यावर चर्चा गेली आणि त्यातूनच निर्णय झाला. कागदावरून येणाऱ्या नोंदींना एक दिवस मागे गेलेलं चालेल, ऑनलाईन येणाऱ्यांना एका तासाच्या वर नाही. म्हणजे आता डेटाबेसचा दर तासाला लॉग बॅकअप घ्यायचा, म्हणजे मागच्या प्रतीनंतर झालेल्या बदलांचीच प्रत, आणि ती अशा जागी की जिथे ठरलेले दिवस कुणालाच पुसता येणार नाही, मलाही नाही. "तुम्हालाही नाही" हे ऐकून कारखानदारांनी परत विचारून खात्री केली, हल्लेखोराच्या हातात माझाच पासवर्ड पडला तर काय हे सांगितल्यावर पटलं त्यांना. किती वेळ बंद चालेल याचा निर्णय मात्र पुढच्या मीटिंगवर गेला.

गाळणी
छान झालं. डॉक्टरांचा प्रश्न पुढच्या वेळी मीही वापरणार. दर तासाच्या लॉगबद्दल एकच, ते पूर्ण बॅकअपवर एकामागोमाग एक चढवायचे असतात. मधला एक जरी खराब निघाला तर त्याच्या पुढचे सगळे असून नसल्यासारखे. तेव्हा चाचणी करताना नुसता रात्रीचा बॅकअप आणून थांबू नका, दुपारी ३ पर्यंतचे लॉग चढवून ३ च्या आधीची शेवटची नोंद दिसतेय का ते बघा.

निळीशाई
आणि त्या ३ वाजताच्या नोंदीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, मी मागणार.

उंबरठा
आमच्या मंडळाची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. हे आमच्या आयटीवाल्यांना विचारायचं तर मी नेमकं काय विचारू? लॉग वगैरे म्हणाले तर ते मला तासभर समजावत बसतील.

गाळणी
ताई, एवढंच विचारा: "काल दुपारी तीनला केलेली एक नोंद मला परत आणून दाखवाल का, आणि किती वेळ लागला तेही सांगाल का?"

कोरा_कागद
सापडलं सगळं!! डिलीट झालेल्यात होतं, अजून चार दिवस बाकी होते. गाळणी सर थँक्यू. साहेबांना आरसा आणि फोटोचं सांगितलं तर ते म्हणाले मग आपल्याकडे फोटो कुठे ठेवतात, आणि ते मला माहीत नाहीये, कुणाला विचारायचं असतं हे?